मेणबत्ती, पालथा ग्लास आणि अंदाजासाठीचे दहा सेकंद

प्रश्न: मी प्राथमिक शिक्षक आहे. चौथी-पाचवीच्या मुलांसाठी घरातल्या वस्तूंच्या प्रयोगांचे व्हिडिओ करतो. पुढचा व्हिडिओ ताटलीतले पाणी, मेणबत्ती आणि पालथा ग्लास यांचा आहे. दर टप्प्याआधी मी ‘काय होईल?’ असे विचारतो, पण मुले अंदाज न करताच पुढे बघतात. सुरक्षिततेच्या सूचना सुरुवातीलाच एकत्र देतो. ‘ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढते’ हे स्पष्टीकरण चुकीचे आहे, असे एका पालकांचे म्हणणे आहे. हा व्हिडिओ नेमका कसा करावा?

उत्तर:

त्या पालकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि मी तिथूनच सुरुवात करते. मुलांनी अंदाज न करणे आणि स्पष्टीकरण चुकणे या तुम्हाला दोन वेगळ्या अडचणी वाटत असतील, पण माझ्या अनुभवात त्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात. शेवटी काय सांगायचे हे आधीच ठरलेले असले, की मधले प्रश्न नावापुरते उरतात. ‘मेणबत्ती विझेल का?’ या प्रश्नाचे उत्तर चौथीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते, म्हणून ते थांबत नाही. खरी उत्सुकता ज्या प्रश्नात आहे, तो प्रश्न ‘ऑक्सिजन संपला’ या स्पष्टीकरणामुळे विचारलाच जात नाही. गेली अठरा वर्षे मी शाळांमधून विज्ञान कार्यशाळा घेते आणि त्यातली सहा-सात वर्षे व्हिडिओही करते. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत हे चुकीचे स्पष्टीकरण मी स्वतः मुलांना दिलेले आहे, त्यामुळे ते किती पटणारे वाटते याची मला पूर्ण कल्पना आहे.

हा प्रयोग फार जुना आहे. बायझॅन्टियमच्या फिलोने सुमारे 2200 वर्षांपूर्वी तो लिहून ठेवला, आणि ज्योत भांड्यातली हवा खाते म्हणून पाणी वर चढते असाच निष्कर्ष त्यानेही काढला होता. आपण त्यात फक्त ‘हवा’च्या जागी ‘ऑक्सिजन’ घातला. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के, म्हणजे जवळपास एक पंचमांश असतो. पाणीही पुष्कळदा ग्लासाच्या एक पंचमांशाच्या आसपास चढते, आणि दोन आकडे जुळले की स्पष्टीकरण सिद्ध झाल्यासारखे वाटते.

आता माझ्याकडच्या ग्लासावर हिशेब करून पाहू. तो सरळ बाजूंचा, 15 सेंटीमीटर उंच आणि आतून 7 सेंटीमीटर रुंद आहे. त्यात साधारण 550 मिलिलिटर हवा मावते, आणि पाणी एक सेंटीमीटर चढले म्हणजे सुमारे 38 मिलिलिटर जागा भरली. बंद ग्लासातली मेणबत्ती सगळा ऑक्सिजन जाळत नाही. त्याचे प्रमाण 21 टक्क्यांवरून ढोबळमानाने 16 टक्क्यांवर आले, की ज्योत विझते. म्हणजे जळतो तो हवेच्या फक्त पाच टक्के भाग. शिवाय तोही नुसता नाहीसा होत नाही. मेण जळताना ऑक्सिजनचे 38 भाग खर्च झाले, तर कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 25 भाग तयार होतात. तयार होणाऱ्या वाफेचे पाणी होते असे धरले, तरी खरी घट त्या पाच टक्क्यांच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे सुमारे नऊ मिलिलिटर भरते. एवढ्याने पाणी जेमतेम पाव सेंटीमीटर चढेल. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरे, पण इतक्या थोड्या वेळात विरघळणारा वायू अगदीच किरकोळ असतो. प्रत्यक्षात एका मेणबत्तीवर पाणी दीड सेंटीमीटर आणि तीन मेणबत्त्यांवर त्याच्या दुपटीच्या आसपास चढलेले मी अनेकदा पाहिले आहे.

उरलेली सगळी चढण तापमानाची आहे. ग्लास ज्योतीवर आणताना आत शिरणारी हवा आधीच तापलेली असते. ग्लास पाण्यात टेकल्यावरही ती प्रसरण पावत राहते आणि काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा झपाट्याने निवते व आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतले पाणी आत ढकलतो. ‘ग्लास पाणी ओढतो’ असे मुलांना सांगू नये. ओढणारे आत काहीही नाही. ढकलणारी हवा बाहेर आहे.

अंदाजाचे प्रश्न याच ठिकाणी सापडतात. ऑक्सिजन खर्च झाल्यामुळे पाणी चढत असेल, तर मेणबत्ती जळत असतानाच ते हळूहळू चढायला हवे. हवा निवल्यामुळे चढत असेल, तर मुख्य चढण ज्योत विझल्यावर दिसायला हवी. दुसरे असे, की कारण ऑक्सिजन असेल, तर एकाच ग्लासाखाली एक मेणबत्ती असो की तीन, पाणी साधारण तितकेच चढायला हवे, कारण ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच आहे. कारण उष्णता असेल, तर तीन मेणबत्त्यांवर ते अधिक चढेल. पाहणाऱ्याने दोन्ही गोष्टी नुसत्या डोळ्यांनी तपासायच्या आहेत. म्हणून या व्हिडिओत दोनच मुख्य अंदाज विचारावेत असे माझे मत आहे: ‘पाणी कधी चढेल?’ आणि ‘तीन मेणबत्त्या लावल्या तर चढण तेवढीच राहील, कमी होईल की जास्त?’

प्रश्न कसा विचारायचा यावर बरेच अवलंबून असते. ‘काय होईल असे तुम्हाला वाटते?’ हा प्रश्न फार मोकळा आहे. समोर बोलायला कोणी नसले, की मूल त्याला मनातल्या मनातही उत्तर देत नाही. मी तीन पर्याय देते आणि प्रत्येक पर्याय एखाद्या शहाण्या मुलाने खरोखर निवडावा असा ठेवते: ज्योत जळत असताना पाणी चढेल, ज्योत विझल्यावर चढेल, ते चढणारच नाही. पर्याय पडद्यावर अ, ब, क असे दिसतात, आणि मुलांना कागदावर एक अक्षर आणि ‘कारण’ हा शब्द लिहून पुढे निदान तीन शब्द लिहायला सांगते. लिहिलेला अंदाज नंतर बदलता येत नाही, म्हणून तो खरा. मनातला अंदाज निकाल पाहिल्याबरोबर ‘मला हेच वाटलं होतं’ असा रंग घेतो. हे मोठ्यांच्या बाबतीतही घडते.

‘आता व्हिडिओ थांबवा’ या सूचनेवर विसंबू नका. फोन बहुधा एकाच्या हातात असतो आणि बघणारे तिघे असतात. वर्गात तो प्रोजेक्टरला जोडलेला असतो आणि शिक्षक मागे उभे असतात. थांबण्याचा वेळ व्हिडिओतच ठेवावा लागतो. मी सलग दहा सेकंद काहीही बोलत नाही, संगीतही लावत नाही. पडद्यावर फक्त स्थिर मांडणी आणि अ, ब, क ही अक्षरे असतात. संपादन करताना हे दहा सेकंद असह्य वाटतात आणि ते पाचावर आणण्याचा मोह होतो. पण चौथीतल्या मुलाला पेन्सिल शोधायलाच चार सेकंद लागतात. त्यानंतर मी एवढेच म्हणते, ‘पेन्सिली खाली ठेवा,’ आणि ग्लास उचलते.

पुष्कळ व्हिडिओंमध्ये निकाल आधीच फुटलेला असतो आणि करणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. शीर्षक ‘जादूने वर चढणारे पाणी’ असे असेल आणि मुखचित्रात अर्धा भरलेला ग्लास दिसत असेल, तर मुलांनी अंदाज कशाचा करायचा? शीर्षकात प्रश्न ठेवा आणि मुखचित्रात ग्लास पालथा घालण्यापूर्वीची मांडणी दाखवा. निकालाचे चित्रण कुठेही न कापता एकाच सलग दृश्यात हवे, आणि ज्योत व पाण्याची पातळी एकाच चौकटीत दिसायला हवीत. ‘आधी ज्योत विझली, मग पाणी चढले’ हाच इथे पुरावा आहे. मध्ये कात्री लागली तर तो पुरावा राहत नाही, आणि हुशार मूल ते बरोबर पकडते.

मांडणीबद्दल थोडे सविस्तर सांगते. खोलगट स्टीलची ताटली घ्या. मध्यभागी वितळलेल्या मेणाचे चार थेंब पाडून त्यावर पाच सेंटीमीटर उंचीची मेणबत्ती घट्ट बसवा. पाणी सुमारे एक सेंटीमीटर खोल हवे आणि त्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब असावेत, कारण बिनरंगी पाण्याची पातळी कॅमेऱ्यात ओळखू येत नाही. ग्लासाच्या काठाखाली येतील अशी दोन नाणी ठेवा, म्हणजे पाण्याला आत शिरायला वाट राहते. पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकला, तर ग्लास टेकवताना बाहेर पडणारे बुडबुडे काठाभोवती टिकतात आणि नीट दिसतात. हा थेंब अवश्य टाका. हवा बाहेर गेल्याचा तोच डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे आणि बहुतेक व्हिडिओंमध्ये तो नेमका दिसत नाही. चित्रीकरणाच्या वेळी पंखा बंद ठेवा. ग्लासाच्या बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरच्या खुणा करा, नाहीतर एक आणि तीन मेणबत्त्यांची तुलना केवळ ‘बघा, जास्त आहे’ एवढ्यावर राहते.

दोन्ही वेळा ग्लास सारख्याच वेगाने खाली आणला पाहिजे. तो ज्योतीवर रेंगाळत आणला, तर आत अधिक तापलेली हवा भरते आणि पाणी जास्त चढते. झटकन टेकवला, तर कमी चढते. एकदा एका कार्यशाळेत माझ्या सहकाऱ्याची एक मेणबत्ती आणि माझ्या तीन मेणबत्त्या यांची चढण जवळजवळ सारखी आली होती, कारण तो ग्लास सावकाश आणत होता आणि मी घाईत होते. तेव्हापासून मी ‘एक, दोन, तीन’ असे मोठ्याने म्हणून तिनावर ग्लास टेकवते. वेग आणि मेणबत्त्यांची संख्या बदलून चढण जवळपास हवी तेवढी आणता येते, हे एकदा स्वतः करून पाहिले, की त्या एक पंचमांशाच्या आकड्याचे दडपण उरत नाही.

आता सुरक्षितता. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते मी सरसकट देऊ शकत नाही. तुमचा व्हिडिओ वर्गात शिक्षकांसमोर लागणार असेल, तर ज्योतीचा प्रयोग शिक्षकाने करून दाखवायचा, अशी आखणी पुरेशी आहे. पण तो दुपारी घरी, आई-वडील कामावर असताना, मुलांच्या हातात जाणार असेल, तर सुरुवातीला दिलेली यादी तुमच्या मनाच्या समाधानापुरतीच उरते. मुले ती पुढे ढकलतात, आणि ऐकली तरी काडी ओढेपर्यंत विसरतात. सूचना कृतीला चिकटलेली हवी. काडी पेटवायच्या क्षणी मी थांबते आणि पडद्यावर मोठ्या माणसाचाच हात दिसतो. काडेपेटी मुलांच्या पुढ्यात एकदाही ठेवलेली दिसत नाही. मी म्हणते, ‘ही कृती माझी आहे. तुमच्या घरी ती मोठ्या माणसाची असेल. मोठे माणूस शेजारी नसेल, तर आज तुम्ही फक्त अंदाज लिहायचा आणि बघायचे.’ कोणी काय करायचे हे वाक्यातच सांगितलेले असल्याने ‘काळजी घ्या’ या शब्दांपेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

प्रत्येक सूचनेमागचे कारण अर्ध्या वाक्यात सांगितले, तर ती लक्षात राहते. केस बांधायचे आणि ओढणी किंवा सैल बाही मागे खोचायची, कारण पाण्याची पातळी बघायला मुले ताटलीवर वाकतात आणि ज्योत त्यांच्या छातीच्या खाली येते. माझ्याच एका कार्यशाळेत एका मुलीच्या ओढणीचे टोक ज्योतीपासून चार बोटांवर आले होते. काही झाले नाही, पण त्यानंतर मी बघणाऱ्यांना टेबलापासून हातभर दूर, बसवूनच ठेवते. हाताला लावलेले अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर पूर्ण वाळल्याशिवाय काडीजवळ जायचे नाही आणि त्याची बाटली टेबलावर ठेवायची नाही, कारण त्याची वाफ पेटते. ज्योतीचे टोक आणि ग्लासाचा तळ यांत किमान चार बोटे अंतर हवे. आखूड ग्लासाचा तळ एकाच जागी तापतो आणि तडकू शकतो. तडा किंवा टवका असलेला ग्लास घ्यायचाच नाही. विझल्यानंतर ग्लासाच्या तळाला दोन-तीन मिनिटे हात लावायचा नाही. तो तापलेला दिसत नाही, पण असतो. उचलताना ग्लास सरळ वर ओढू नका, कारण तो ताटलीला धरून ठेवल्यासारखा वाटतो आणि सुटला की पाणी उसळते. एका बाजूने किंचित तिरका करून आत हवा जाऊ द्या आणि मग उचला. भाजलेच, तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

घरी स्वतःच्या हाताने करायला मुलांना काहीतरी हवेच असते, आणि ते न दिल्यास ती मेणबत्तीकडेच वळतात. म्हणून मी त्याच व्हिडिओत बिनज्योतीचा एक भाग जोडते. पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्यायची, तिच्या तोंडावर फुगा चढवायचा आणि ती अंघोळीच्या गरम पाण्याच्या बादलीत धरायची. हाताला सहज सोसेल एवढेच पाणी गरम हवे. उकळते कधीच नको. इथेही आधी अंदाज, आधी दहा सेकंद. फुगा हळूहळू ताठ होतो. मग बाटली थंड पाण्यात धरायची. फुगा लोळागोळा होतो आणि कधी कधी बाटलीच्या तोंडात ओढला गेल्यासारखा आत जातो. बाटलीत काहीही जळलेले नाही, कुठलाही वायू संपलेला नाही, तरीही हवा आधी फुगली आणि मग आकसली. मेणबत्तीच्या ग्लासात काय घडले असेल हे मग मुले स्वतःच म्हणू लागतात, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकू येणे मला माझ्या स्पष्टीकरणापेक्षा मोलाचे वाटते. एकच सावधगिरी: आठ वर्षांखालील भावंड जवळ असेल, तर न फुगवलेले आणि फुटलेले फुगे लगेच उचलून ठेवावेत, कारण ते घशात अडकू शकतात.

म्हणजे क्रम असा होतो: एक मेणबत्ती आणि ‘कधी’चा अंदाज, मग तीन मेणबत्त्या आणि ‘किती’चा अंदाज, मग फुगा, आणि स्पष्टीकरण सर्वांत शेवटी. स्पष्टीकरणात ‘अ लिहिणाऱ्यांचे चुकले’ असे म्हणू नका. अ लिहिणारे मूल फिलोसारखाच विचार करत होते आणि त्याचा तर्क धरूनच तुम्हाला पुढे जाता येते: ‘ऑक्सिजन खर्च होत असेल तर पाणी कधी चढायला हवे होते? आपण काय पाहिले?’ ऑक्सिजनचा काहीच संबंध नाही असेही सांगू नका. ज्योत विझते ती त्याचे प्रमाण कमी झाल्यामुळेच, आणि पाण्याच्या चढणीतला लहानसा वाटा त्याचाही आहे. पाचवीतल्या मुलांना ‘मोठे कारण’ आणि ‘छोटे कारण’ हे शब्द पुरतात.

काही घरांत हा प्रयोग फसेल आणि मुले तसे कळवतील, तेव्हा काय विचारायचे तेही तयार ठेवा. पाणी अजिबात चढले नाही, तर ताटलीत ते कमी होते किंवा ग्लासाच्या काठाला टवका होता, त्यामुळे बाहेरची हवा आत शिरली. पाणी थोडे चढून ग्लासात ‘गुडगुड’ असा आवाज आला, तर ताटलीतले पाणी मध्येच संपले. ज्योत ग्लास टेकण्याआधीच विझली, तर पंखा चालू होता किंवा ग्लास झपकन खाली आला. आणि मेणबत्ती पाण्यात आडवी झाली, तर खालचे मेण घट्ट झालेले नव्हते. मेणाचे थेंब पाडल्यावर मेणबत्ती धरून तीस आकडे मोजायचे आणि त्यानंतरच पाणी ओतायचे.